मे महिन्याचा एसी, फेब्रुवारीचा फोन

विदर्भात होळी जवळ आली की घरोघरी कुलर बाहेर निघतात. जुना खस काढून नवा बसवला जातो, पंप पाणी ओढतो का ते पाहिलं जातं, टाकीतला गाळ धुतला जातो. हे काम कुणी कुणाला सांगावं लागत नाही. भिंतीवरच्या एसीच्या वाट्याला मात्र अशी तयारी येत नाही. ऑक्टोबरात बंद झालेला एसी एप्रिलातल्या एखाद्या तापलेल्या रात्री थेट रिमोटनं सुरू केला जातो आणि त्यातून कोमट हवा आली की मग दुकानाचा नंबर शोधला जातो. त्या आठवड्यात गावातली इतर शेकडो घरंही तेच करत असतात.

नागपूरसारख्या शहरातल्या एसी दुरुस्तीच्या दुकानांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून फेब्रुवारीत त्यांचे मेसेज येऊ लागतात : ‘उन्हाळा येतोय! एसी सर्व्हिसवर २० टक्के सूट! आजच बुक करा!’ ग्राहक तो वाचतो आणि पुढे सरकतो. त्याचं चुकत नाही. सहाशे रुपयांच्या कामात शे-सव्वाशे वाचणार, पण त्यासाठी आज ज्या यंत्राची गरजच नाही त्याच्यासाठी घरी थांबायचं. हे त्याला पटत नाही. शिवाय सवलत ही कधीही मिळू शकणारी गोष्ट आहे, हेही त्याला अनुभवानं माहीत असतं.

माझं म्हणणं असं की या मेसेजमध्ये खरी गोष्ट सांगितलेलीच नसते. फेब्रुवारीत दुकानाकडे एक गोष्ट असते जी एप्रिलात पैसे मोजूनही मिळत नाही, ती म्हणजे मेकॅनिकचा वेळ. लवकर बुकिंगचा फायदा सांगायचा तर त्या वेळेत मशीनवर नेमकं काय जास्तीचं होतं ते सांगायला हवं, आणि जे सांगितलं ते दुकानाला झेपायलाही हवं. चांगली स्क्रिप्ट या दोन गोष्टींवर उभी राहते. शब्द त्यानंतरचे.

एक दुकान डोळ्यांसमोर धरू. चार मेकॅनिक, दोन जोड्या, आणि रजिस्टरमध्ये पाचशे जुनी गिऱ्हाईकं. एप्रिल-मे महिन्यांत एक जोडी धावपळ करून दिवसाला आठ घरं गाठते. त्यातली निम्मी घरं बंद पडलेल्या मशीनची असतात, ती टाळता येत नाहीत. म्हणजे नुसत्या सर्व्हिसला एका जोडीची चार घरं उरतात, दोन जोड्यांची मिळून आठ. पाचशेला आठनं भागलं तर बासष्ट-त्रेसष्ट दिवस होतात. महिन्याचे सव्वीस कामाचे दिवस धरले, तर १ एप्रिलला सुरू झालेली यादी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपते. तोवर नवतपा उलटून गेलेला असतो आणि लोक पावसाची वाट बघत असतात.

आता हेच दुकान १० फेब्रुवारीला कामाला लागलं आणि २० मार्चपर्यंत फक्त सर्व्हिस घेत राहिलं, तर काय होतं ते पाहू. रविवार आणि सणांच्या सुट्ट्या वजा जाता बत्तीसेक दिवस हाती येतात. या दिवसांत बंद मशीनचे फोन जवळपास नसतातच, त्यामुळे जोडीनं दिवसाला चारच घरं घेतली, प्रत्येक घराला सव्वा तास दिला, तरी अडीचशे घरं होऊन जातात. निम्मं रजिस्टर उन्हाळ्याआधी मोकळं. राहिलेल्या अडीचशे घरांनाही त्याचा फायदा मिळतो, कारण एप्रिलातली रांग अर्धी झालेली असते. दुकानदाराला हे गणित कागदावर मांडता आलं, की ग्राहकाशी काय बोलायचं ते आपोआप सुचू लागतं.

सव्वा तास आणि पाऊण तास यांत फरक काय पडतो? गर्दीच्या दिवसांत ‘जेट सर्व्हिस’ म्हणजे इनडोअरवर पिशवी बांधायची, प्रेशर पंपानं पाणी मारायचं, औटडोअरच्या जाळीवर दोन मिनिटं फवारा, मशीन चालू करून हात धरायचा, ‘थंड आहे’ म्हणायचं आणि निघायचं. कॉइल स्वच्छ दिसते. पण इनडोअरच्या आत जो लांब दंडगोल ब्लोअर फिरतो, त्याच्या बारीक पात्यांमध्ये धूळ आणि ओल मिळून एक चिकट थर बसलेला असतो. तो निघायला पातं न् पातं वेगवेगळ्या कोनातून धुवावं लागतं. तो तसाच राहिला की हवेचा झोत मंदावतो, मशीन जास्त वेळ चालतं आणि सुरू करताच कुबट वास येतो. तसंच खालच्या ट्रेचं. ट्रेमध्ये शेवाळासारखा गाळ साचतो आणि ड्रेन पाइपच्या तोंडाशी अडकतो. घाईत वरून पाणी मारलं तर तो गाळ सुटतो, पण बाहेर न पडता पाइपमध्ये पुढे जाऊन बसतो. पंधरा दिवसांनी घरात, पलंगावर, पाणी ठिबकायला लागतं. म्हणून ट्रे धुतल्यावर बाटलीभर पाणी ओतून ते पलीकडच्या टोकातून पूर्ण बाहेर येतं का, हे बघण्याची पाच मिनिटं महत्त्वाची असतात.

औटडोअरचं काम त्याहून वेळखाऊ. सहा महिने बंद राहिलेल्या डब्यात पाल शिरते, कबुतर काड्या आणून ठेवतं, कधी उंदीर वायर कुरतडतो. पाल सर्किट बोर्डवर गेली आणि त्याच वेळी वीज सुरू झाली, तर बोर्ड जळतो. बोर्डाचा खर्च सर्व्हिसच्या कित्येक पट असतो. झाकण उघडून आत पाहणं हा यावर साधा उपाय आहे, पण त्यासाठी स्क्रू काढावे लागतात आणि पुन्हा बसवावे लागतात. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या मशीनमध्ये कॉम्प्रेसरला सुरू व्हायला हातभार लावणारा कॅपॅसिटर असतो. त्याच्यावर त्याची क्षमता मायक्रोफॅरडमध्ये छापलेली असते. मीटर लावून मोजलं आणि आकडा छापलेल्या मापापेक्षा पाच-सहा टक्क्यांहून जास्त खाली दिसला, तर तो थकलाय असं समजायचं. फेब्रुवारीत तो कॉम्प्रेसरला कसाबसा उठवेलही. मेमध्ये दुपारी, व्होल्टेज पडलेलं असताना आणि डबा उन्हात तापलेला असताना, कॉम्प्रेसर नुसता घुं-घुं करून बंद पडतो. तो कॅपॅसिटर आधीच बदलणं हे काही शे रुपयांचं काम आहे.

आता गॅस. ‘सर्व्हिससोबत गॅस टॉप-अप फ्री’ ही ओळ असंख्य जाहिरातींत असते आणि ती स्क्रिप्टमधून आधी काढून टाकावी असं मला ठामपणे वाटतं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. गळती न शोधता वरून गॅस भरला तर ग्राहक पुढच्या वर्षी त्याच जागी येतो, आणि गॅस कमी नसताना भरला तर दाब वाढून कॉम्प्रेसरवर ताण येतो. ज्या मशीनमध्ये गॅस पुरेसा आहे त्याला टॉप-अप हा फायदा नसून नुकसान आहे.

लवकर बुकिंगचा सर्वांत मोठा फायदा मात्र याच गळतीच्या प्रकरणात आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. समजा, २० फेब्रुवारीला एका घरी सर्व्हिस झाली, मशीन धुऊन झालं, तरी हवा जेवढी थंड यायला हवी तेवढी येत नाही. कॉइलच्या एकाच कोपऱ्यात पांढरं बर्फ धरतंय. फिल्टर आणि ब्लोअर आत्ताच स्वच्छ झाले आहेत, म्हणजे हवा अडल्यामुळे बर्फ आलं असं म्हणता येत नाही. संशय गॅसवर जातो. गेजवर दाब कमी दिसतो. मग उरलेला गॅस नीट काढून घ्यायचा आणि नळ्यांत नायट्रोजन भरायचा. सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसं. बुडबुडा दिसला तर काम सोपं. बहुतेकदा तो औटडोअरच्या वॉल्व्हजवळच्या नटाशी दिसतो. पण गळती बारीक असेल तर बुडबुडा लगेच दिसत नाही. तेव्हा दाबाचा आकडा लिहून ठेवायचा, मशीन रात्रभर तसंच सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळी, तशाच तापमानाला, पुन्हा आकडा बघायचा. आकडा खाली आला असेल तर कॉइल आणि जोडनळ्या वेगवेगळ्या करून कोणत्या भागात गळती आहे ते हुडकायचं. जागा सापडल्यावर जोड दुरुस्त करायचा, पुन्हा दाब धरून बघायचा, मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढायची आणि शेवटी औटडोअरच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमांइतका गॅस काट्यावर तोलून भरायचा. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये आर-३२ गॅस असतो. तो काही प्रमाणात पेट घेणारा आहे, त्यामुळे नळी तापवून जोडण्याआधी तो पूर्ण काढणं आणि खिडक्या उघड्या ठेवणं यात सवलत नाही.

हे दोन दिवसांचं काम झालं. कॉइल बदलायची वेळ आली आणि ती वॉरंटीत असेल, तर कंपनीकडे तक्रार, तपासणी, पार्टची वाट, असे आणखी काही दिवस जातात. फेब्रुवारीत घरातल्यांना त्याची झळ लागत नाही, कारण पंख्यावर झोप लागते. हेच ८ मेला निघालं तर रात्रभर मशीन बंद ठेवायला कुणी तयार होत नाही. ‘आत्ता भरून द्या भाऊ, पावसाळ्यात बघू’ असं घरचेच म्हणतात आणि मेकॅनिकही भरून देतो, कारण त्याला अजून सहा घरं गाठायची असतात. दोघंही परिस्थितीनं बांधलेले असतात. गळती नीट शोधण्याची संधी वर्षातून जवळपास एकदाच, उन्हाळा लागण्याआधीच्या या पाच-सहा आठवड्यांत मिळते. हे ग्राहकाला साध्या शब्दांत सांगितलं, तर त्याला सवलतीची गरज भासत नाही.

फेब्रुवारीत तपासलेला एसी मेमध्ये चालेलच, असं मात्र कुणी सांगू नये. पहाटेच्या गारव्यात एसीची परीक्षा होतच नाही. नागपुरात फेब्रुवारीच्या दुपारी तिशीच्या आसपास तापमान गेलं, की सेटिंग १६ अंशांवर आणि पंखा सर्वांत वरच्या वेगावर ठेवून, पंधरा-वीस मिनिटं चालवून मशीन पाहता येतं. इन्व्हर्टर एसी खोली गार झाली की स्वतःच हळू होतो, म्हणून तो टर्बोवर ठेवावा लागतो. मग वरच्या बाजूनं आत जाणाऱ्या हवेचं आणि झोतातून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान थर्मामीटरनं घ्यायचं. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन बरं चाललंय. पण बाहेर ४५ अंश असताना औटडोअरला उष्णता बाहेर फेकायला किती त्रास होईल, हे त्या दिवशी कळत नाही. दुसरं म्हणजे मार्च-एप्रिलमधली धूळ. रस्त्याकडेच्या घरात ती पंधरा दिवसांत फिल्टर भरून टाकते आणि औटडोअरच्या जाळीवरही बसते.

म्हणून तो फरकाचा आकडा, तारीख आणि पंख्याचा वेग कार्डावर लिहून ग्राहकाच्या हाती देणं मला फार मोलाचं वाटतं. साधा डिजिटल थर्मामीटर घरी ठेवून एप्रिलात त्यानं स्वतःच तसंच मोजलं आणि ११चा फरक ७वर आलेला दिसला, तर आधी फिल्टर धुवायचा. तरीही सुधारलं नाही तर फोन करायचा. हवेतली आर्द्रता बदलली तर आकडाही थोडा बदलतो, त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनशी तुलना नको; आपल्याच मशीनचा आपल्याच जुन्या आकड्याशी ताळा घ्यायचा.

इथवर जे सांगितलं त्यातून फोनवर बोलायच्या ओळी तयार होतात. दुकानातून बोलणारी व्यक्ती साधारण मिनिटभर बोलेल, एवढंच. एक मसुदा असा :

‘नमस्कार काका, मी धंतोलीच्या एसीच्या दुकानातून बोलते. मागच्या एप्रिलात तुमच्या बेडरूमच्या एसीची सर्व्हिस आपल्याकडून झाली होती. दोन मिनिटं बोलू का?’

इथे थांबायचं. ‘आत्ता नको’ असं उत्तर आलं तर कधी करू ते विचारून ठेवून द्यायचं.

‘तेव्हा पाणी गळत होतं असं कार्डावर लिहिलंय. नंतर काही त्रास झाला का?’

इथे पुन्हा थांबायचं आणि ऐकायचं.

‘काका, जुन्या गिऱ्हाइकांचे एसी आम्ही यंदा १० फेब्रुवारी ते २० मार्चमध्ये आधी घेतोय. दर एप्रिलात राहील तोच, एका मशीनचे सहाशे रुपये. फरक असा की आत्ता मेकॅनिकला तुमच्याकडे सव्वा तास थांबता येतं. ब्लोअर आणि ट्रे नीट धुणं, औटडोअर उघडून बघणं, कॅपॅसिटर असेल तर तो मोजणं आणि थंड हवेचा आकडा कार्डावर लिहून देणं, एवढं सगळं त्यात येतं. काही पार्ट लागला, तर तो मागवायला उन्हाळ्याआधी वेळ आहे.’

‘आणि आत्ता केलेल्या मशीनला ३१ मेपर्यंत कूलिंगची तक्रार आली, तर आम्ही पुढच्या कामाच्या दिवशी येऊ. येण्याचे पैसे लागणार नाहीत. पार्ट किंवा गॅसचा खर्च आला तर तो वेगळा, पण काम करण्याआधी सांगू.’

‘गुरुवारी सकाळी अकरा की शनिवारी दुपारी तीन, तुम्हाला काय सोयीचं?’

यात सूट नाही, उद्गारचिन्ह नाही आणि उन्हाची भीतीही घातलेली नाही. पहिल्या दोन ओळी ग्राहकाच्या मशीनबद्दल आहेत, म्हणून तो ऐकतो; त्यासाठी मागच्या वर्षीचं कार्ड समोर असायला हवं, ते नसेल तर ही स्क्रिप्ट वापरताच येणार नाही. दर मुद्दाम मध्येच आणि स्पष्ट सांगितला आहे, कारण तो ग्राहकाच्या मनात असतोच आणि लपवला की पुढचं काही ऐकू येत नाही. शेवटी ‘बुक करायचं का’ असं न विचारता दोन वेळा समोर ठेवल्या आहेत. घरात कोण कधी असतं यावरच बहुतेकांचं बुकिंग अडतं, आणि आत्ता बुक केलं तर हवी ती वेळ मिळते, हेही त्यातून न सांगता कळतं.

मेपर्यंत पुन्हा येण्याचं वचन मात्र हिशेब करून द्यायचं. वरच्या दुकानानं एप्रिल आणि मेमध्ये रोज दोन जागा या तक्रारींसाठी राखून ठेवल्या, तर बावन्न दिवसांत १०४ भेटी होतात. लवकर सर्व्हिस झालेली घरं अडीचशे. म्हणजे दहातल्या चार घरांतून तक्रार आली तरी शब्द पाळता येतो. सर्व्हिस मनापासून झाली असेल तर इतक्या तक्रारी येऊ नयेत, आणि आल्याच तर आपल्या कामात काय चुकतंय ते दुकानदाराला त्यातून दिसेल. दोन जागा राखायची तयारी नसेल तर ही ओळ स्क्रिप्टमध्ये ठेवू नये. ‘चोवीस तासांत’ असंही म्हणू नये, कारण शनिवारी संध्याकाळी आलेल्या फोनला ते जमत नाही. ‘पुढच्या कामाच्या दिवशी’ हे जमतं.

समोरून येणारे प्रश्न ठरलेले असतात. ‘आत्ता तर थंडी आहे, आत्ताच कशाला?’ याला उत्तर एवढंच : ‘म्हणूनच काका. काही निघालं तर मशीन दोन दिवस बंद ठेवता येतं, मेमध्ये ते जमत नाही.’ ‘मागच्याच वर्षी तर केली होती’ असं कुणी म्हटलं, तर आधी वापर विचारायचा. पाहुण्यांच्या खोलीतला एसी वर्षात पंधरा दिवस चालला असेल, तर त्याला पूर्ण सर्व्हिस नकोच. फिल्टर धुवा आणि दुपारी एकदा चालवून बघा, असं सांगावं. ते सहाशे रुपये जातात, पण त्या घरातल्या दुसऱ्या मशीनचं बुकिंग त्याच फोनवर होण्याची शक्यता असते. ‘गॅस भरून द्याल का?’ याला ‘कमी असेल तरच, आणि गळती शोधूनच’ हे उत्तर ठाम असावं. ‘पलीकडचा चारशेत करतो’ याला वाद घालायचा नाही. आमच्या सहाशेत काय येतं ते एकदा सांगायचं आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा.

व्हॉट्सॲपवर हाच मजकूर आणखी छोटा होतो :

‘नमस्कार. आपल्या बेडरूमच्या एसीची मागची सर्व्हिस एप्रिलात झाली. १० फेब्रुवारी ते २० मार्चमध्ये सर्व्हिस केल्यास मेकॅनिक सव्वा तास देईल, तपासणीचं कार्ड मिळेल आणि ३१ मेपर्यंत कूलिंगच्या तक्रारीसाठी येण्याचे पैसे लागणार नाहीत. दर ₹६००, पार्ट व गॅस वेगळे. सोयीचा वार आणि वेळ कळवा. असे मेसेज नको असल्यास “नको” लिहा.’

शेवटचं वाक्य शोभेसाठी नाही. जाहिरातीच्या फोन आणि मेसेजवर दूरसंचार नियामकाचे, म्हणजे ट्रायचे, नियम आहेत. ज्यांनी असे फोन नकोत म्हणून नोंद केली आहे त्यांना विनासंमती फोन करणं आणि साध्या दहा आकडी नंबरवरून सरसकट जाहिरातीचे फोन लावणं यावर कारवाई होऊ शकते. सर्व्हिसच्या कार्डावरच ‘पुढच्या सर्व्हिसची आठवण फोनवर चालेल का?’ असा एक रकाना ठेवून सही घ्यावी आणि ज्यांनी होकार दिला त्यांनाच फोन करावा. विकत घेतलेल्या यादीवर वरची स्क्रिप्ट चालणारही नाही, कारण त्या यादीत कुणाच्या एसीचं पाणी गळत होतं ते लिहिलेलं नसतं.

‘फक्त पाच जागा शिल्लक’ ही ओळही अशीच जपून वापरायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत नसलेली घाई दाखवून ग्राहकाला खरेदीला ढकलणं ही पहिल्या काही युक्त्यांपैकी एक म्हणून नोंदवली आहे. वरच्या दुकानात दिवसाला खरोखर आठच घरं होतात. गुरुवारी सहा भरली असतील तर ‘गुरुवारी दोन जागा आहेत’ हे खरं आहे आणि ते सांगावं. शंभर जागा मोकळ्या असताना पाच म्हणणं हे खोटं आहे. तसंच ‘सर्व्हिस केल्यावर वीजबिल अर्धं’ हा दावा कुठलाही मेकॅनिक सिद्ध करू शकत नाही. बिलाबद्दल काही सांगायचंच असेल, तर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतं ते सांगावं : सेटिंग एक अंशानं वाढवलं तर साधारण सहा टक्के वीज वाचते. जानेवारी २०२०पासून नव्या एसींचं मूळ सेटिंग २४ अंशांवर आणलं गेलं ते यासाठीच. मेकॅनिकनं जाताना रिमोट २४वर ठेवून तेवढं सांगितलं, तरी पुरे.

मेकॅनिकचीही एक बाजू आहे आणि ती ग्राहकाला सांगायला हरकत नसावी. औटडोअर बहुधा गच्चीवर किंवा खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर असतं. मेमधल्या दुपारी पत्रा इतका तापतो की हात ठेववत नाही. घामानं पाना निसटतो, चक्कर येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या कठड्याबाहेर वाकलेल्या माणसाला चक्कर येणं म्हणजे काय ते सांगायला नको. अशा वेळी नट नीट आवळला गेला नाही, झाकणाचे चारऐवजी दोनच स्क्रू लागले, तर त्यात नवल नाही. फेब्रुवारीत तोच माणूस तेच काम शांतपणे करतो.

तुम्हाला येत्या काही दिवसांत असा फोन आला, तर ‘किती सूट?’ याआधी ‘किती वेळ देणार, काय काय उघडणार आणि कार्डावर काय लिहून देणार?’ एवढं विचारा. सकाळची वेळ न घेता दुपारची घ्या, म्हणजे मशीन तापल्या हवेत चालवून बघता येईल. आणि मार्च हातातून गेलाच, मेमध्ये मेकॅनिकला बोलवायची वेळ आलीच, तर बारा ते चारची वेळ मागू नका. सकाळी दहाच्या आत बोलवा, गच्चीवर जाण्याआधी त्याला पाणी द्या आणि औटडोअरवर सावली पडेपर्यंत थांबायला तो म्हणाला तर थांबू द्या.